निळी अक्षरं जरा अलीकडे

काकांना दिसायचं बंद होऊन अकरा वर्षं झाली. काचबिंदू. बँकेत नोकरीला होते तेव्हाच नजर कडेकडेने आकसत गेली आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना उजेड-अंधार सोडला तर काही कळेनासं झालं. ती चार वर्षं त्यांनी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर शिकून बँकेतच काढली, खातेदारांची पत्रं लिहिली, हिशेब तपासले. आता घरी लॅपटॉपवर त्यांच्याकडे एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी, दोघेही अंध, उभं केलेलं हे सॉफ्टवेअर. २००६ मध्ये सुरुवात झाली आणि आजही ते फुकट मिळतं. काका त्याचा वेग इतका वाढवून ठेवतात की शेजारी बसून मला एक शब्द सुटा ऐकू येत नाही. त्यांना मात्र सगळं कळतं.

२०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या नातीने वसतिगृहासाठी अर्ज केला होता. यादी कधी लागते ते बघायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं. योग असा, की त्या संस्थेच्या संकेतस्थळाचा मराठी मजकूर मीच लिहिते. यादी लागली त्या संध्याकाळी मी काकांकडे गेले होते. म्हटलं, "काका, यादी आलीय, बघितलीत का?"

"उघडलंय गं," ते म्हणाले. "पण कुठल्या लिंकमध्ये आहे ते शोधतोय. थांब, तुला कळेल असं लावतो." त्यांनी आवाजाचा वेग खाली आणला आणि `Insert+F7` दाबलं.

डोळ्यांनी वाचणाऱ्यांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते. ही दोन बटणं दाबली की एनव्हीडीए पानावरच्या सगळ्या लिंका उचलून एका वेगळ्या खिडकीत ओळीने लावतं. आजूबाजूचा मजकूर, शीर्षकं, चित्रं काही नाही, नुसत्या लिंका. खालचा बाण दाबत एकेक ऐकायची, हवी ती आली की एंटर. तिथेच एक रकाना असतो, त्यात दोन अक्षरं टाइप केली की यादी गाळून तेवढ्याच लिंका उरतात. जॉज नावाच्या स्क्रीन रीडरमध्येही याच बटणांनी लिंकांची यादी येते. आयफोनवर दोन बोटं नळाच्या चावीसारखी फिरवून लिंकांवर जाता येतं. आपण पानावरून नजर फिरवतो ना, अख्खं न वाचता नुसते निळे शब्द टिपत, तेच काम अंध माणूस या यादीतून करतो.

तर काकांनी बाण दाबायला सुरुवात केली. मुख्यपृष्ठ. संपर्क. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा. डाउनलोड. डाउनलोड. येथे.

मी मोजत होते. पानावर एकतीस लिंका होत्या आणि त्यातल्या सतरा अशा, ज्यांना स्वतःचं नाव नव्हतं. त्या सगळ्या मी लिहिलेल्या होत्या. काका म्हणाले, "येथे म्हणजे कुठे, ते मला प्रत्येक वेळी बाहेर जाऊन बघून यावं लागतं." आणि त्यांनी करून दाखवलं. यादीतल्या एका 'येथे क्लिक करा'वर थांबायचं, एंटर न दाबता त्या जागेवर नेणारं बटण शोधून दाबायचं, पानावर त्या ठिकाणी पोचायचं, ती ओळ पुन्हा ऐकायची, हवी ती नसेल तर परत `Insert+F7`, परत यादी, परत बाण. ही एका लिंकची गोष्ट झाली. सतरांचा गुणाकार त्यांनी केला नाही, मीच मनात केला.

त्या रात्री घरी येऊन मी ते पान वहीत उतरवलं. फक्त लिंका, एकाखाली एक, बाकी काही नाही. आजही मी प्रत्येक पानाचं हेच करते आणि दुसरी कुठलीही तपासणी मला याच्याइतकी उपयोगी वाटलेली नाही. वहीतली यादी वाचून कळायला हवं की कुठली ओळ कुठे नेते. जिथे आपल्यालाच मूळ पान उघडून बघावं लागतं, तिथे ऐकणाऱ्यालाही ते करावं लागणार.

वहीत बघता बघता एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला तेव्हापासून सोडत नाही. मूळ वाक्य असं होतं: 'मुलींच्या वसतिगृहाची पहिली गुणवत्ता यादी पाहण्यासाठी येथे क्लिक करा.' लिंक शेवटच्या तीन शब्दांना. पण जिथे जायचं त्या जागेचं नाव त्याच वाक्यात, त्या तीन शब्दांच्या आधी, पूर्ण लिहिलेलं आहे! मुलींच्या वसतिगृहाची पहिली गुणवत्ता यादी. मला नवीन काही सुचायची गरजच नव्हती. निळी अक्षरं जरा अलीकडे घ्यायची आणि उरलेलं शेपूट कापायचं, एवढंच.

ही लकब इंग्रजीतून आली हे उघड आहे. पण इंग्रजीत 'क्लिक हिअर' वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि कशासाठी ते मागून येतं. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून आपण ते तीन शब्द वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवले आणि लिंकही तिथेच नेली. जो माणूस ओळीने सगळं ऐकत येतो त्याचं यात फारसं अडत नाही, कारण यादीचं नाव त्याने आधीच ऐकलेलं असतं. पण जो टॅबचं बटण दाबत एका लिंकवरून दुसरीवर उड्या मारतोय तो थेट 'येथे क्लिक करा'वर येऊन पडतो. अर्थ त्याच्या पाठीमागे राहिलेला असतो. तो घ्यायला उलटं जावं लागतं.

डोळसांचंही याहून वेगळं नाही. मोबाइलवर अंगठ्याने पान सरकवताना नजर निळ्या, अधोरेखित शब्दांवर अडते. तिथे जर 'येथे क्लिक करा' असेल तर नजरेला मागे सरकून ओळ वाचावी लागते. आणि पाच ओळी अशाच असतील तर पाचही निळे ठिपके सारखेच दिसतात. प्रवेशाची मुदत संपायला तासभर उरलाय आणि कुणीतरी एसटीत उभ्याने हे पान बघतंय, असं डोळ्यांसमोर आणलं की मला ते सहन होत नाही.

नियम काय म्हणतो तेही बघितलं. वेबसाठीची सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या १९९९ च्या पहिल्याच आवृत्तीत प्रत्येक लिंक कुठे नेते ते स्पष्ट ओळखू यावं असं कलम होतं. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते दोन पायऱ्यांत विभागलं गेलं. २.४.४ ही किमान पायरी: लिंकचा हेतू लिंकच्या शब्दांवरून किंवा तिच्या लगतच्या संदर्भावरून कळला पाहिजे. संदर्भ म्हणजे तेच वाक्य, तोच परिच्छेद, यादीतला तोच मुद्दा, किंवा तक्त्यात तोच चौकोन आणि त्याचं शीर्षक. २.४.९ ही वरची पायरी: नुसत्या लिंकच्या शब्दांवरूनच कळलं पाहिजे. म्हणजे माझं 'यादी पाहण्यासाठी येथे क्लिक करा' हे वाक्य किमान पायरीवर पास होतं. एखाद्या तपासनिसाने रकान्यात बरोबरची खूण केली असती. काकांना मात्र त्याच पानावर यादी सापडत नव्हती. मी तेव्हापासून वरची पायरीच किमान धरते. त्यासाठी जास्तीचं काम फार नाही, कारण मराठी वाक्यात नाव बहुतेक वेळा समोरच असतं.

आता नाव लिंकला दिलं तरी ते कसं सुरू होतं यावर बरंच अवलंबून आहे. मी पहिल्यांदा सगळ्या लिंका सुधारल्या तेव्हा त्या अशा झाल्या:

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ करिता वसतिगृह प्रवेश – मुली – पहिली गुणवत्ता यादी
शैक्षणिक वर्ष २०२४-२५ करिता वसतिगृह प्रवेश – मुले – पहिली गुणवत्ता यादी
शैक्षणिक वर्ष २०२४-२५ करिता वसतिगृह प्रवेश – शुल्क भरणे

मला वाटलं आता काय, सगळं आलं. काकांना दाखवलं तर ते दोनदा बाण दाबून म्हणाले, "अगं, हे तर सगळं एकच आहे." त्यांना खरोखर तसंच ऐकू आलं होतं. यादी ऐकणारा माणूस प्रत्येक ओळ शेवटपर्यंत ऐकत नाही. पहिले एकदोन शब्द ऐकतो, कामाचे नाहीत असं वाटलं की पुढचा बाण. माझ्या ओळींचे पहिले पाच-सहा शब्द सारखे होते, म्हणजे फरक जिथे सुरू होत होता तिथवर ते पोचतच नव्हते. सरकारी परिपत्रकं वाचून आपल्या हाताला ही सवय लागली आहे. कागदावर विषयाच्या ओळीत ते शोभतही असेल, लिंकमध्ये नाही. वर्ष आणि 'वसतिगृह प्रवेश' हे शब्द वरच्या शीर्षकात एकदा लिहिले की पुरतात. लिंका मग अशा उरल्या:

मुलींची पहिली गुणवत्ता यादी (पीडीएफ, ४ एमबी)
मुलांची पहिली गुणवत्ता यादी (पीडीएफ, ३ एमबी)
शुल्क भरण्याची मुदत आणि पद्धत

कंसातला भाग मुद्दाम लिंकच्या आत आहे. फाइल उघडणार की पान, हे दाबायच्या आधी कळलं पाहिजे, आणि लिंकांच्या यादीत कंस बाहेर राहिला तर तो ऐकूच येत नाही.

मराठीचा एक फायदा मला इथे पहिल्यांदा जाणवला. आपण 'पावती डाउनलोड करा', 'अर्ज डाउनलोड करा', 'प्रवेशपत्र डाउनलोड करा' असं म्हणतो. वस्तू आधी, क्रिया नंतर. म्हणजे पहिला शब्दच वेगळा आणि फरक तिथेच कळतो. इंग्रजीत या तिन्ही लिंका 'डाउनलोड'ने सुरू होतील. आपल्या भाषेने हे आपसूक दिलंय आणि आपण काय करतो, तर 'डाउनलोड प्रवेशपत्र', 'डाउनलोड पावती' असं इंग्रजीच्या चालीवर उलटं लिहितो. वाचायलाही ते मराठी वाटत नाही आणि ऐकायला तर नुकसानच.

मग तक्ता आला. पानाच्या खालच्या भागात जुन्या याद्यांचा तक्ता होता, पहिल्या रकान्यात यादीचं नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात 'डाउनलोड'. बारा ओळी, बारा 'डाउनलोड'. आमच्याकडे संकेतस्थळाचं तांत्रिक काम बघणारा मुलगा हुशार आहे, त्याने उपाय सुचवला की दिसताना 'डाउनलोड'च दिसू दे, पण आत एक न दिसणारा तुकडा ठेवू, तो फक्त स्क्रीन रीडर वाचेल:

```html
<a href="/yadya/muli-1.pdf">
  डाउनलोड<span class="visually-hidden">: मुलींची पहिली यादी</span>
</a>
```

उपाय चालतो. फक्त तो न दिसणारा तुकडा `display: none` लावून लपवला तर स्क्रीन रीडरपासूनही लपतो. म्हणून `visually-hidden` या वर्गाची शैली वेगळी लिहावी लागते: तुकडा एका ठिपक्याएवढ्या जागेत दाबून ठेवायचा, पण पानावर हजर ठेवायचा. त्या मुलाने पहिल्या दिवशी नेमकं `display: none` वापरलं होतं. डोळ्यांना दोन्ही पानं हुबेहूब सारखीच दिसत होती, त्यामुळे त्याला चूक कळणं शक्यच नव्हतं. काकांच्या लॅपटॉपवर बारा वेळा 'डाउनलोड' ऐकू आलं तेव्हा कळलं.

पण मला तो उपायच मनातून पटला नव्हता. कानाने वाचणाऱ्याला पूर्ण नाव आणि डोळ्याने वाचणाऱ्याला नुसतं 'डाउनलोड', असं का? तक्त्याच्या पहिल्या रकान्यात यादीचं नाव होतंच. त्या नावालाच लिंक दिली आणि तिसरा रकाना काढून टाकला. तक्ता मोबाइलवर बसेनासा होता, तोही बसला. न दिसणाऱ्या तुकड्याची गरज उरली नाही. तेव्हापासून मी हा क्रम पाळते: आधी दिसणारे शब्द नीट करता येतात का ते बघायचं, आणि खरंच जागा नसेल तरच लपवलेल्या शब्दांकडे वळायचं.

लपवलेल्या शब्दांचा आणखी एक धोका आहे. `aria-label` म्हणून एक गुणधर्म असतो, तो लिंकला किंवा बटणाला लावला की स्क्रीन रीडर दिसणारे शब्द सोडून तोच मजकूर वाचतो. नुसतं भिंगाचं चित्र असलेल्या शोधाच्या बटणाला तो हवाच, नाहीतर तिथे फक्त 'बटण' एवढंच ऐकू येतं:

```html
<button type="submit" aria-label="शोधा">
  <svg aria-hidden="true">…</svg>
</button>
```

पण जिथे शब्द दिसतायत तिथे वेगळंच `aria-label` लिहिलं तर तिसराच माणूस अडकतो. हात चालत नाहीत म्हणून बोलून संगणक चालवणारे लोक असतात. ते पडद्यावर जे लिहिलेलं दिसतं ते उच्चारतात. बटणावर 'अर्ज पाठवा' दिसतंय आणि आत लिहिलंय 'माहिती सादर करा', तर त्यांनी कितीही वेळा 'अर्ज पाठवा' म्हटलं तरी बटण हलत नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये यासाठीच २.५.३ हे कलम आलं: आतल्या नावात दिसणारे शब्द जसेच्या तसे असले पाहिजेत, आणि सुरुवातीलाच असतील तर उत्तम.

बटणांचं दुखणं लिंकांपेक्षा वेगळं आहे. लिंक कुठेतरी नेते, बटण काहीतरी करतं. स्क्रीन रीडर 'लिंक' की 'बटण' तेही बोलतो, आणि ऐकणारा त्यावरून ठरवतो की चुकलं तर नुसतं मागे यायचं आहे की काहीतरी घडून जाणार आहे. म्हणून लिंकवर जागेचं नाव आणि बटणावर क्रिया, असं मी धरते. 'शुल्काची पद्धत' ही लिंक. 'शुल्क भरा' हे बटण.

आणि इथे मराठीत एक खड्डा आहे. 'रद्द करा'.

नातीने चुकून दोन अर्ज भरले होते. त्यातला एक काढून टाकायचा होता. काकांनी अर्जाच्या पानावर जाऊन 'रद्द करा' हे बटण दाबलं. समोर छोटी खिडकी आली. तिच्यात लिहिलं होतं: 'तुम्हाला खात्री आहे का?' आणि खाली दोन बटणं. एक 'ठीक आहे', दुसरं 'रद्द करा'.

काका थांबले. मीही थांबले, मला तर दोन्ही बटणं दिसत होती. यातलं 'रद्द करा' म्हणजे अर्ज रद्द करा, की रद्द करणं रद्द करा? इंग्रजी खिडकीतलं 'कॅन्सल' म्हणजे सोडून द्या, मागे फिरा. त्याचं भाषांतर करणाऱ्याने सगळीकडे 'रद्द करा' लावलं. बहुतेक खिडक्यांत ते खपून जातं. पण जिथे कामच अर्ज रद्द करायचं आहे तिथे एकच शब्द दोन उलट गोष्टींसाठी येतो. चुकीचं दाबलं तर कदाचित काहीच होणार नव्हतं. कदाचित चांगला अर्जही गेला असता, कारण कुठला अर्ज तेही खिडकीत लिहिलेलं नव्हतं.

काकांनी एस्केप दाबून ती खिडकी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन केला. पंचवीस मिनिटं फोन लागत नव्हता.

आम्ही ते बदललं. प्रश्नात अर्जाचा क्रमांक आणि नाव आणलं, आणि दोन्ही बटणांवर काय होणार ते लिहिलं:

'मुलींचे वसतिगृह, अर्ज क्र. ११८: हा अर्ज मागे घ्यायचा आहे का?'
'अर्ज मागे घ्या' / 'अर्ज तसाच ठेवा'

आता प्रश्न वाचला नाही तरी बटणं आपापलं सांगतात. हे महत्त्वाचं आहे, कारण टॅब दाबत बटणावर आलेल्या माणसाने प्रश्न पुरता ऐकलेला असेलच असं नाही. 'होय' आणि 'नाही'नेही काम भागलं नसतं. 'अर्ज ठेवायचा नाही का?' अशा नकारार्थी प्रश्नाला मराठीत 'होय' म्हणजे काय, यावर घरोघरी वाद होतात.

शेवटच्या पायरीच्या बटणाकडेही मी तेव्हाच बघितलं. अर्जाच्या पाच पानांवर पाच वेळा 'पुढे' होतं, आणि पाचव्या 'पुढे'ने थेट पैसे भरायच्या पानावर टाकलं जायचं. पहिली चार 'पुढे' ठीक आहेत, तिथे खरंच नुसतं पुढे जायचं असतं. पाचव्याचं मी 'अर्ज पाठवा आणि ३५० रुपये भरा' असं केलं. बटण लांब झालं म्हणून आमच्या सजावट करणाऱ्या बाईंना आवडलं नाही. मी अडून राहिले. पैसे कापले जाणार आहेत हे दाबायच्या आधी कळायला हवं, आणि ते बटणाइतकं दुसरीकडे कुठेच नक्की वाचलं जात नाही.

एवढं सगळं करूनही एक दिवस काकांचा फोन आला. "आज तुमची एक लिंक काहीतरीच बरळतेय." बघितलं तर लिंकवर स्वच्छ मराठी दिसत होतं: खोलीवाटपाचं वेळापत्रक. कुणीतरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली सूचना तशीच उचलून चिकटवली होती आणि पानाला तो फाँट जोडला होता. अशा मजकुरात डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. लिंकचे शब्द कितीही नेमके निवडले तरी अशा वेळी ते शब्दच नसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: लिंकचा मजकूर उचलून मोबाइलवर स्वतःलाच निरोप म्हणून पाठवायचा. मराठी राहिला तर ठीक. अगम्य इंग्रजी अक्षरं झाली तर पुन्हा टाइप करायला पर्याय नाही.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट सापडली. आमच्या सगळ्या पानांवर भाषा इंग्रजी अशी नोंद होती, तयार साच्यातून आलेली. काकांचं एनव्हीडीए पानाची भाषा बघून आवाज निवडतं, म्हणून ते आमचं मराठी इंग्रजी आवाजात वाचायला जायचं आणि काका दर वेळी हाताने आवाज बदलायचे. मला त्यांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, सगळीकडे असंच असतं. दुरुस्ती एका ओळीची:

```html
<html lang="mr">
```

आणि शेवटचं, पोचल्यानंतरचं. लिंकवर 'मुलींची पहिली गुणवत्ता यादी' ऐकून काका एंटर दाबतात. नवीन पान उघडलं की स्क्रीन रीडर सगळ्यात आधी त्या पानाचा मथळा बोलतो. तो जर 'सूचना' असेल, किंवा नुसतं संस्थेचं नाव, तर आपण बरोबर आलो की नाही हे कळत नाही आणि माणूस परत मागे जातो. म्हणून लिंकचे शब्द आणि पोचलेल्या पानाचा मथळा जुळता ठेवायचा. पीडीएफलाही स्वतःचा मथळा असतो, तो भरावा लागतो, नाहीतर फाइलचं नाव ऐकू येतं. आणि ती पीडीएफ सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून बनवलेली असेल तर आत फक्त चित्र असतं, वाचायला एक अक्षर नसतं. तिथे लिंकच्या शब्दांनी काही होत नाही. पहिली यादी अशीच स्कॅन केलेली होती. लिंक नीट झाली, काका तिथे नीट पोचले आणि पुढे शांतता.

त्या वेळी मी यादी वाचून दाखवली. नातीचं नाव त्रेचाळिसावं होतं. पण दुसऱ्या यादीच्या आधी मी कार्यालयात जाऊन बसले आणि सांगितलं की सहीची प्रत फाइलला लावा, संकेतस्थळासाठी मूळ टाइप केलेल्या फाइलचीच पीडीएफ द्या. दोन दिवस लागले. मिळाली.

यादी लावली त्या सकाळी काकांना फोन केला. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि लॅपटॉप उघडला. `Insert+F7`. गाळायच्या रकान्यात त्यांनी 'मुलींची दु' एवढंच टाइप केलं. एकच ओळ उरली, त्यांच्या वेगात वाचली गेली, मला नुसता 'दुसरी' ऐकू आला. एंटर. मग मथळा. मग `Ctrl+F` दाबून त्यांनी शेजारच्या जोशीकाकूंच्या भाचीचं आडनाव टाकलं, तिचाही अर्ज होता.

"आहे," ते म्हणाले. "सदुसष्टावी. शुल्क भरायची मुदत कुठल्या लिंकमध्ये आहे, तेवढं तिला कळवून टाकतो. थांब, मीच बघतो."

फोनवर बाणाचा आवाज दोनदा आला.